उघडलं तरच येणारे मेसेज

तक्रार जवळपास सगळीकडे सारख्याच शब्दांत ऐकू येते. फोन हातात घेतला, चॅटचं अ‍ॅप उघडलं आणि तासातासाचे साठलेले मेसेज एकदम धडाधड आले. तोवर ना आवाज, ना पडद्यावर काही सूचना. नेट चालू होतं, रेंज होती, फोनही जवळच होता. मग पहिला संशय नेटवर्कवर जातो, दुसरा अ‍ॅपवर. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं जातं, दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

या तक्रारीत तीन खुणा दडलेल्या असतात आणि त्या एकत्र ठेवल्या की नेटवर्कवरचा संशय बराच कमी होतो. पहिली, त्याच फोनवर कॉल आणि एसएमएस वेळेवर येतात. दुसरी, बहुतेकदा व्हॉट्सअ‍ॅप वेळेवर वाजतं आणि एखादं दुसरंच अ‍ॅप मागे राहतं: ऑफिसचं, मुलांच्या शाळेचं, सोसायटीचं किंवा परदेशातल्या नातेवाइकाच्या आग्रहाखातर घेतलेलं सिग्नल. तिसरी, अ‍ॅप उघडताच काही सेकंदांत सगळं येतं. म्हणजे मेसेज वाटेत हरवलेला नसतो. तो सर्व्हरवर तयार उभा असतो, फक्त फोनमध्ये त्याला घ्यायला कुणी जागं नसतं. हे जागं नसणं कुठून येतं, ते कसं ओळखायचं आणि त्यावर कुणाचा किती इलाज चालतो, याचा हा आढावा. भर अँड्रॉइडवर आहे, कारण हा त्रास मुख्यतः तिथलाच. आयफोनचं वेगळेपण पुढे थोडक्यात येईल.

मेसेज फोनपर्यंत येतो कसा

चॅटचं अ‍ॅप दिवसभर चालू राहून मेसेजची वाट बघत असतं, असा आपला समज असतो. तसं झालं असतं तर बॅटरी दुपारपर्यंतही टिकली नसती. प्रत्येक अ‍ॅपने आपापल्या सर्व्हरशी स्वतंत्र जोडणी उघडी ठेवायची, ती तुटू नये म्हणून दर काही मिनिटांनी हाक मारायची आणि प्रत्येक हाकेला मोबाइलचा रेडिओ जागा करायचा, हे परवडणारं नाही. म्हणून गूगलने 2010 मध्ये अँड्रॉइड 2.2 च्या सुमारास एक सामाईक सेवा आणली. 2012 मध्ये तिची जागा नव्या सेवेने घेतली आणि 2016 पासून ती फायरबेस क्लाउड मेसेजिंग, म्हणजे एफसीएम या नावाने ओळखली जाते. सोसायटीच्या गेटवर एकच वॉचमन असावा आणि त्यानेच कुणाकडे कोण आलंय ते इंटरकॉमवर कळवावं, तशी ही व्यवस्था. फोन आणि गूगल यांच्यात एकच जोडणी उघडी राहते आणि सगळ्या अ‍ॅपची बोलावणी तिच्यावरूनच येतात.

त्यामुळे एका मेसेजचा प्रवास असा होतो. पाठवणाऱ्याचा मेसेज चॅट कंपनीच्या सर्व्हरवर पोचतो. सर्व्हर गूगलला सांगतो की या फोनवरच्या या अ‍ॅपसाठी काहीतरी आलंय. गूगल ते बोलावणं फोनपर्यंत नेतं. फोन त्या अ‍ॅपला काही सेकंदांपुरतं जागं करतो. व्हॉट्सअ‍ॅप, सिग्नल यांसारख्या अ‍ॅपचे मेसेज कुलूपबंद असतात आणि त्याची किल्ली फोनमध्येच असते. त्यामुळे बोलावण्यासोबत वाचण्याजोगा मजकूर येत नाही. जागं झालेलं अ‍ॅप स्वतः सर्व्हरशी जोडणी करतं, मेसेज आणतं, उघडतं आणि मगच सूचना दाखवतं.

बोलावणं येणं आणि अ‍ॅप जागं होणं हे दोन वेगळे टप्पे आहेत, हे इथे लक्षात ठेवायला हवं. बोलावणं फोनपर्यंत आलं आणि फोनने ते अ‍ॅपला दिलंच नाही, तर अ‍ॅप उघडेपर्यंत सगळं शांत राहणार. कॉल आणि एसएमएसचं तसं नसतं. ते थेट मोबाइल नेटवर्कवरून मॉडेमकडे येतात, मॉडेम फोनला जागं करतो आणि बॅटरी वाचवणारी यंत्रणा त्यांच्या आड येत नाही. म्हणूनच बँकेचा ओटीपी टणकन वाजतो आणि मुलीचा मेसेज सकाळपर्यंत पडून राहतो.

आधी टिक बघा

दुरुस्तीला हात घालण्याआधी मेसेज कुठे अडकलाय ते कळायला हवं. त्याची खूण आपल्या फोनवर नसते, पाठवणाऱ्याच्या फोनवर असते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एक करडी टिक म्हणजे मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर पोचला. दोन टिक म्हणजे तो समोरच्या फोनवर उतरला. सिग्नलमध्येही तसंच: एका वर्तुळातली टिक म्हणजे सर्व्हरवर, दोन वर्तुळं म्हणजे फोनवर.

मेसेज उशिरा दिसला, पण पाठवणाऱ्याकडे दोन टिक लगेच आल्या होत्या, तर फोन झोपलेला नव्हताच. अ‍ॅप जागं झालं, मेसेज घेतला, पोचही दिली. फक्त सूचना वाजली नाही. अशा वेळी दोष सूचनांच्या सेटिंगमध्ये शोधायचा: ग्रुप म्यूट आहे का, `Do Not Disturb` चालू राहिलंय का, अ‍ॅपला सूचना दाखवायची परवानगी दिलीय का. अँड्रॉइड 13 पासून, म्हणजे 2022 पासून, ही परवानगी नवं अ‍ॅप घेताना विचारली जाते आणि घाईत ती नाकारलीही जाते.

पण एकच टिक तासन् तास राहिली आणि आपण अ‍ॅप उघडलं त्याच क्षणी दुसरी आली, तर ही झोपेची तक्रार आहे. पुढचं सगळं तिच्यासाठी.

खात्री करायची असेल तर चाचणीही नीट घ्यावी लागते. फोन चार्जरला लावून, पडदा चालू ठेवून "बघ बरं, आला का मेसेज" असं विचारलं तर तो येणारच, कारण चार्जिंग चालू असताना गाढ झोपेची यंत्रणा कामच करत नाही. चार्जर काढायचा, पडदा बंद करायचा, फोन टेबलावर स्थिर ठेवायचा, किमान तासभर हात लावायचा नाही आणि मग कुणाला तरी मेसेज पाठवायला सांगायचं. ही चाचणी वायफायवर एकदा आणि मोबाइल डेटावर एकदा घेतली की नेटवर्कचा हिशेबही वेगळा निघतो.

गूगलची झोप आणि "वापर" या शब्दाचा अर्थ

अँड्रॉइड 6 मध्ये, 2015 साली, गूगलने डोझ नावाची व्यवस्था आणली. पडदा बंद, चार्जर काढलेला आणि फोन बराच वेळ हललेला नाही, असं झालं की फोन गाढ झोपेत जातो. अ‍ॅपचं नेट बंद होतं, ठरवलेली कामं थांबतात. अधूनमधून थोड्या वेळासाठी एक खिडकी उघडते आणि साठलेली कामं एकदम उरकली जातात. अँड्रॉइडच्या मूळ आराखड्यात या खिडक्यांमधलं अंतर वाढत जातं: आधी तासाभराचं, मग दोन तासांचं, मग चार, जास्तीत जास्त सहा तासांचं. रात्रीचे मेसेज पहाटे कधीतरी झुंडीने वाजतात, ते बऱ्याचदा अशी एखादी खिडकी उघडल्यावर. पुढच्या वर्षी अँड्रॉइड 7 मध्ये एक हलकी झोपही आली. तिच्यासाठी फोन स्थिर असण्याची अट नाही. खिशात घेऊन चाललं तरी ती लागू होते.

डोझने चॅटचा विचार केला होता. सर्व्हरने बोलावणं उच्च प्राधान्याचं म्हणून पाठवलं तर ते डोझमधूनही आत येतं आणि अ‍ॅपला काही सेकंद नेट मिळतं. साध्या प्राधान्याचं बोलावणं मात्र पुढच्या खिडकीपर्यंत थांबतं. एखादं अ‍ॅप सगळ्यांच्याच फोनवर, सगळ्याच कंपन्यांच्या फोनवर उशिरा वाजत असेल, तर बहुधा ते बनवणाऱ्यांनी हे प्राधान्यच नीट दिलेलं नसतं. त्याला तुमच्या सेटिंगमध्ये औषध नाही. उलट बाजूही आहे. उच्च प्राधान्याने वारंवार जागं होऊनही जे अ‍ॅप सूचना दाखवत नाही, त्याचं प्राधान्य गूगल उतरवू शकतं.

यापुढची पायरी मात्र थेट आपल्या सवयीवर उभी आहे. अँड्रॉइड 9 ने 2018 मध्ये अ‍ॅपचे गट पाडले: आत्ता वापरात असलेलं, नेहमीचं, अधूनमधून उघडलं जाणारं आणि क्वचित उघडलं जाणारं. पुढे त्यात "निर्बंधित" हा आणखी खालचा गट आला. अ‍ॅप जितकं खालच्या गटात, तितकं त्याला मागच्या मागे कमी काम करता येतं. अँड्रॉइड 9 ते 12 मध्ये तर खालच्या गटांतल्या अ‍ॅपच्या उच्च प्राधान्याच्या बोलावण्यांवरही रोजची मर्यादा होती आणि क्वचितच्या गटाला दिवसाला पाचच मिळत. मर्यादा संपली की उरलेली बोलावणी साधी धरली जात. अँड्रॉइड 13 पासून हा गटवार हिशेब काढून टाकला.

त्याखाली आणखी एक थर आहे, हायबरनेशनचा. अँड्रॉइड 12 आणि पुढच्या फोनवर एखादं अ‍ॅप काही महिने उघडलंच नाही, तर फोन त्याच्या परवानग्या काढून घेतो, साठवलेला तात्पुरता डेटा पुसतो आणि त्याची बोलावणीही बंद करतो, उच्च प्राधान्याचीसुद्धा. अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर `Pause app activity if unused` किंवा तशाच नावाचं जे बटण दिसतं, ते हेच.

या सगळ्या थरांच्या मुळाशी एकच मोजमाप आहे: अ‍ॅप वापरात आहे की नाही. फोन ते मुख्यतः अ‍ॅप किती वेळा उघडलं यावरून ठरवतो. खरेदीच्या अ‍ॅपला किंवा खेळाला हे मोजमाप अगदी चपखल बसतं. दोन महिने उघडलं नाही म्हणजे नको आहे. पण चॅटच्या अ‍ॅपचं काम सुरू होतं तेच ते बंद असताना. कुणी हाक मारली तर कळावं यासाठीच ते घेतलेलं असतं. ज्याला रोज दहा मेसेज येतात त्याचं अ‍ॅप रोज उघडतं, म्हणून वरच्या गटात राहतं आणि पुढचे मेसेजही वेळेवर येतात. ज्याला आठवड्यात एक येतो त्याचं अ‍ॅप खाली घसरतं आणि तो एकच मेसेज उशिरा येतो. व्हॉट्सअ‍ॅप सहसा या तडाख्यातून सुटतं ते मुख्यतः आपण ते दिवसभर उघडत असतो म्हणून. काही फोन कंपन्या लोकप्रिय अ‍ॅपना आपल्या निर्बंधांतून आधीच सूटही देतात. कमी वापराच्या अ‍ॅपसाठी अशी शिफारस करणारं कुणी नसतं.

फोन कंपन्यांचा थर

गूगलचे नियम निदान कागदावर सर्वांसाठी सारखे आहेत. त्यावर प्रत्येक फोन कंपनीने आपला थर चढवलाय आणि जास्तीत जास्त तक्रारी तिथून येतात.

याची एक पार्श्वभूमी चीनमध्ये आहे. तिथे गूगलच्या सेवा चालत नाहीत, म्हणजे ती सामाईक जोडणीही नाही. प्रत्येक अ‍ॅप आपली जोडणी स्वतः उघडी ठेवायचं, एक अ‍ॅप दुसऱ्याला जागं करायचं आणि बॅटरी भराभर उतरायची. त्यावर तिथल्या फोन कंपन्यांनी कडक उपाय काढला: ज्या अ‍ॅपला मालकाने परवानगी दिलेली नाही, ते स्वतःहून सुरूच होऊ द्यायचं नाही. तिथल्या परिस्थितीत हे समजण्यासारखं होतं. पण त्याच कंपन्यांचे फोन भारतात आले तेव्हा ही कडक शिस्तही सोबत आली. इथे गूगलची जोडणी होती, उच्च प्राधान्याची सोय होती, तरी त्यांच्यावर ती लादली गेली. शाओमीच्या फोनवरचं `Autostart`, ओप्पो आणि रिअलमीवरचं `Allow auto launch` ही बटणं त्याच घराण्यातली.

सॅमसंगने वेगळा रस्ता धरला, तरी परिणाम तोच. त्यांच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये `Background usage limits` या नावाखाली तीन याद्या आहेत. `Sleeping apps` मधली अ‍ॅप मागच्या मागे अधूनमधूनच चालतात. `Deep sleeping apps` मधली अ‍ॅप आपण उघडल्याशिवाय चालतच नाहीत. तिसरी यादी सूट दिलेल्या अ‍ॅपची, आवृत्तीनुसार `Never auto sleeping apps` किंवा `Never sleeping apps`. `Put unused apps to sleep` हे बटण चालू असेल, तर फोन न वापरलेली अ‍ॅप पहिल्या यादीत आपणहून टाकतो. इथेही कसोटी तीच, वापराची.

या थरात सर्वांत घातक प्रकार आहे तो अ‍ॅप सक्तीने थांबवण्याचा. अँड्रॉइडमध्ये `Force stop` दाबलं की अ‍ॅप "थांबवलेलं" ठरतं आणि मालक स्वतः ते उघडेपर्यंत त्याला कोणतंही बोलावणं द्यायचं नाही, असा नियम आहे. साध्या अँड्रॉइडवर अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीतून कार्ड सरकवून काढलं तर असं होत नाही. पण काही कंपन्यांच्या फोनवर कार्ड सरकवणं किंवा "सगळं साफ करा" दाबणं हे जवळजवळ सक्तीने थांबवण्यासारखंच ठरतं. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली घेतलेली "क्लीनर" अ‍ॅपही हेच करू शकतात. रात्री झोपताना सगळी अ‍ॅप पुसून टाकायची सवय अनेकांना असते, ती इथे थेट नडते.

ही अवस्था ओळखायची एक सोपी खूण आहे. चॅटचं अ‍ॅप न उघडता त्याच्या चिन्हावर बोट दाबून धरा आणि `App info` उघडा. `Force stop` हे बटण पुसट झालेलं दिसलं, दाबताच येत नसलं, तर ते अ‍ॅप आधीच थांबवलेल्या अवस्थेत आहे. मेसेज का येत नाहीत, याचं उत्तर तिथेच मिळालं.

एक उदाहरण, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा, सांगलीत एक निवृत्त शिक्षक राहतात आणि त्यांची मुलगी म्युनिकमध्ये आहे. मुलगी सिग्नल वापरते, म्हणून वडिलांच्या सॅमसंगवरही तिने ते घालून दिलंय. बाकी सगळं त्यांचं व्हॉट्सअ‍ॅपवर. मुलगी कामावरून घरी येऊन तिथल्या आठ वाजता मेसेज करते, तेव्हा उन्हाळ्यात इथे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. सकाळी साडेसहाला बाबा फोन घेतात, व्हॉट्सअ‍ॅप बघतात, पेपर वाचतात. सिग्नलवर काही दिसत नाही म्हणून ते उघडतच नाहीत. दोन दिवसांनी मुलीचा फोन येतो, "बाबा, मेसेज बघितला नाहीत का?" मग सिग्नल उघडतात आणि चार मेसेज एकदम येतात.

मुलीने टिक बघितल्या. दोन दिवस एकच वर्तुळ होतं, बाबांनी अ‍ॅप उघडताच दुसरं आलं. म्हणजे सूचनांचा दोष नाही, अ‍ॅप जागंच झालेलं नाही. हा डोझ असेल का? डोझ रात्रीपुरता मेसेज अडवू शकला असता, पण सकाळी बाबांनी फोन हातात घेतला, पडदा चालू झाला, तेव्हा डोझ संपला. मेसेज तेव्हा तरी यायला हवे होते. शिवाय सिग्नलची बोलावणी उच्च प्राधान्याची असतात. पडदा चालू असताना, नेट चालू असताना, व्हॉट्सअ‍ॅप वाजत असतानाही सिग्नल मुकं राहिलं, म्हणजे झोप फोनची नाही, त्या एका अ‍ॅपची आहे. रात्रीपुरता उशीर आणि उघडेपर्यंतचा उशीर यांतला हा फरक निदानासाठी पुरेसा असतो.

घरी आलेल्या भाच्याने बॅटरीच्या सेटिंगमध्ये बघितलं. सिग्नल `Deep sleeping apps` मध्ये होतं. मागे कधीतरी फोन मंद चालतो म्हणून कुणीतरी "न लागणारी" अ‍ॅप त्या यादीत टाकली होती. आता इथे चक्र पूर्ण झालं होतं: मेसेज आला तरच बाबा सिग्नल उघडणार आणि सिग्नल उघडलं तरच मेसेज येणार.

भाच्याने तीन गोष्टी केल्या. सिग्नल त्या यादीतून काढून सूट दिलेल्या यादीत टाकलं. मग `App info` मध्ये जाऊन बॅटरीचा पर्याय `Optimized` वरून `Unrestricted` केला. आणि न वापरल्यास थांबवायचं बटण बंद केलं. मग एकदा अ‍ॅप उघडलं, कारण थांबवलेलं अ‍ॅप उघडल्याशिवाय त्याच्याकडे पुन्हा बोलावणी यायला लागत नाहीत. दुपारी जेवणानंतर चार्जर काढून फोन टेबलावर तासभर तसाच ठेवला आणि म्युनिकहून मेसेज मागवला. तो काही सेकंदांत वाजला.

ज्यांना संगणकावरून फोन तपासता येतो, त्यांना अ‍ॅप कोणत्या गटात आहे तेही बघता येतं:

```
adb shell am get-standby-bucket org.thoughtcrime.securesms
```

उत्तरात एक आकडा येतो. 10 म्हणजे वापरात, 20 नेहमीचं, 30 अधूनमधून, 40 क्वचित, 45 निर्बंधित. 5 आला तर अ‍ॅपला पूर्ण सूट आहे. मात्र हे गूगलचे गट झाले. कंपनीची यादी वेगळी बघावीच लागते. गट चांगला असूनही अ‍ॅप मुकं असेल तर दोष कंपनीच्या थरात आहे असं धरायला हरकत नाही.

इतर कंपन्यांच्या फोनवर पानं वेगळी असतील, पण शोधायच्या गोष्टी याच तीन: बॅटरीची मोकळीक, स्वतःहून सुरू होण्याची परवानगी आणि न वापरल्यास थांबवणारं बटण. सेटिंगच्या शोधपट्टीत `battery`, `autostart`, `unused` हे शब्द टाकले की ती सापडतात. फोनचं सॉफ्टवेअर मोठं अपडेट झालं की एकदा पुन्हा बघून घ्यावं.

बॅटरीचं काय

मोकळीक दिली तर बॅटरी उतरेल, ही भीती अर्धीच खरी आहे. सामाईक जोडणी कशीही उघडीच असते. तिचा खर्च एका अ‍ॅपला सूट दिल्याने वाढत नाही. वाढतो तो अ‍ॅप जागं होऊन मेसेज आणण्याचा खर्च आणि आठवड्यात चार मेसेज येत असतील तर तो नगण्य. मात्र गूगलच्या सेवा नसलेल्या फोनवर, 2019 नंतरच्या बऱ्याच हुआवे फोनवर उदाहरणार्थ, सिग्नलसारख्या अ‍ॅपला आपली जोडणी स्वतःच उघडी ठेवावी लागते. तिथे खर्च खरोखर दिसतो. दिवसभराने बॅटरीच्या वापराच्या पानावर त्या अ‍ॅपपुढचा मागच्या मागे चाललेला वेळ बघितला की अंदाज येतो. सगळ्याच अ‍ॅपना सूट देणं मात्र चूक. खरेदीची, खेळांची, सवलतींच्या जाहिराती करणारी अ‍ॅप झोपलेलीच बरी. सूट दोन-तीन अ‍ॅपपुरतीच असावी, ज्यांचा मेसेज वेळेवर न आल्याने खरोखर काही अडतं.

नेटवर्कचा उरलेला वाटा

सगळं करूनही एखाद्याच ठिकाणी, म्हणजे ऑफिसच्या वायफायवर किंवा एका विशिष्ट राउटरवर, मेसेज उशिरा येत असतील तर मात्र नेटवर्ककडे बघावं लागतं. गूगलची जोडणी मुख्यतः 5228 ते 5230 या पोर्टवरून चालते आणि काही ऑफिसांच्या नेटवर्कमध्ये ती बंद असतात. काही राउटर आणि मोबाइल नेटवर्क बराच वेळ शांत असलेली जोडणी गुपचूप तोडतात. फोनला ते पुढच्या हाकेपर्यंत कळत नाही आणि तेवढ्या वेळात आलेली बोलावणी थांबून राहतात. ओळखायची खूण साधी आहे: असा दोष एका अ‍ॅपपुरता नसतो. व्हॉट्सअ‍ॅपसकट सगळं एकदम मागे पडतं आणि मोबाइल डेटावर जाताच सुरळीत होतं. फोनचा `Data Saver` चालू असेल तरी असंच वाटू शकतं, कारण तो मागच्या मागे चालणाऱ्या अ‍ॅपचं मोबाइल डेटावरचं नेट अडवतो. मात्र तिथे उलटं दिसतं: वायफायवर ठीक, डेटावर उशीर.

आयफोनवर काय वेगळं

आयफोनवर सगळी बोलावणी अ‍ॅपलच्याच सेवेतून येतात आणि वर कुठल्या दुसऱ्या कंपनीचा थर नाही. पडद्यावर दिसणारी सूचना अ‍ॅप बंद असलं, सरकवून काढलेलं असलं, `Low Power Mode` चालू असला तरी येते. कुलूपबंद मेसेज उघडण्यासाठी अ‍ॅपच्या एका छोट्या भागाला सुमारे अर्धं मिनिट दिलं जातं. त्यामुळे अँड्रॉइडवरचं "उघडेपर्यंत काहीच नाही" हे तिथे क्वचित दिसतं. तिथे उशीर झालाच तर तो बहुतेकदा `Focus` मुळे किंवा 2021 मध्ये आलेल्या `Scheduled Summary` मुळे असतो. ती सूचना गठ्ठ्याने ठरावीक वेळी दाखवते आणि त्यात चॅटचं अ‍ॅप चुकून गेलेलं असतं.

सुधारणा कुठवर आली

हा प्रश्न फोनच्या मालकांपुरता राहिलेला नाही. अलार्म, औषधांची आठवण, धावण्याची नोंद अशी अ‍ॅप बनवणाऱ्यांनाही त्याचा फटका बसला. त्यातूनच कंपनीगणिक कोणती अडचण येते आणि ती कशी टाळायची हे मांडणारी dontkillmyapp.com ही साइट उभी राहिली. एका झोपेची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या निर्मात्यांनी ती सुरू केली. 2023 मध्ये गूगलने सॅमसंगसोबत जाहीर केलं की अँड्रॉइड 14 साठी बनवलेल्या अ‍ॅपची दृश्य सेवा, म्हणजे सूचना दाखवत चालणारी कामं, नियमाप्रमाणे चालू दिली जातील. दिशा बरोबर आहे, पण चॅटच्या त्रासाचं मूळ त्यात नाही. चॅटचं अ‍ॅप सतत चालू राहत नाही. ते बोलावल्यावर जागं होतं. त्याला हवी आहे ती बोलावणं न अडवण्याची हमी.

ती द्यायची तर वापराचं मोजमाप बदलावं लागेल. अ‍ॅप किती वेळा उघडलं यासोबत त्याच्या सूचनेला मालकाने किती वेळा उत्तर दिलं, हेही धरता येईल. फोन आणि मेसेजच्या अ‍ॅपसारखं चॅटचंही एक अ‍ॅप मालकाने एकदाच निवडून द्यावं आणि कोणत्याही कंपनीच्या थराने त्याला हात लावू नये, अशीही सोय करता येईल. निदान एवढं तरी व्हावं की फोनने एखाद्या चॅट अ‍ॅपला गाढ झोपेत टाकलं तर त्याने मालकाला तसं स्पष्ट विचारावं आणि पाठवणाऱ्याला एका टिकपलीकडे काहीतरी कळावं. सध्या नुकसान पाठवणाऱ्याला दिसतं आणि सेटिंग घेणाऱ्याच्या हातात असतं. या दोघांची गाठ बहुतेकदा उशीर होऊन गेल्यावरच पडते.

तोवर पाळण्याजोगा नियम एवढाच: ज्या माणसाचा मेसेज आपल्याला वेळेवर हवा, त्याच्या अ‍ॅपला सूट द्यायची. आणि तातडीचं काही कळवताना एकच टिक पाच मिनिटांहून जास्त राहिली, तर वाट न बघता फोन लावायचा. तो मॉडेमवरून जातो आणि झोपलेल्या अ‍ॅपवर अवलंबून नसतो.